'जातीवाचक शिवीगाळ केली' एवढं लिहून भागत नाही

पत्र: ताई, मी यावल तालुक्यातली, तडवी आहे. भुसावळला एका खासगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरला आहे. आमचे अकाउंटचे सर चिडले की माझ्या जातीवरून नाहीतर धर्मावरून बोलतात, तेही सगळ्यांसमोर. मागच्या महिन्यात हिंमत करून अर्ज दिला की 'सर मला नेहमी जातीवाचक शिवीगाळ करतात व धर्मावरून अपमान करतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' मॅनेजर म्हणे यात काहीच नाहीये, नक्की काय बोलले ते लिहून आण. मला ते शब्द कागदावर लिहायची लाज वाटते. आणि स्टाफमधला एक जण म्हणाला तू मुसलमान, तुला अ‍ॅट्रॉसिटी लागतच नाही. कसं लिहू? सोबत माझ्या वहीची दोन पानं पाठवतेय.

उत्तर:

तुझा अर्ज वाचला आणि मग वहीची पानं वाचली, आणि खरं सांगते, वाईट याचं वाटलं की जे सगळं तक्रारीत असायला पाहिजे होतं ते वहीत आहे आणि अर्जात त्यातला एक शब्द नाही. वहीत तू लिहिलंयस की सर कुठून आले, कुठे उभे राहिले, काय बोलले, समोर बाकांवर कोण बसलं होतं, आणि हे सगळं गाळून अर्जात ठेवलंस काय तर 'जातीवाचक शिवीगाळ'. मॅनेजर कोणत्या हेतूने बोलला ते मला माहीत नाही, टाळायलाच बोलला असेल, पण नक्की काय बोलले ते लिहून आण हे त्याचं म्हणणं धरून चाल, कारण पुढे जो जो माणूस तुझा कागद वाचेल तो हेच विचारणार आहे.

असं का ते आधी सांगते. 'जातीवाचक शिवीगाळ केली' ही झालेली गोष्ट नाही, तो तू काढलेला निष्कर्ष आहे. निष्कर्ष काढायचं काम वाचणाऱ्याचं, आधी चौकशी करणाऱ्याचं, मग पोलिसांचं, मग कोर्टाचं. आणि त्यांना तो काढता यावा म्हणून लागतं ते तोंडातून निघालेलं वाक्य. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये हे कुठे नडतं माहितीये का, अटकपूर्व जामिनाच्या वेळी. या कायद्यात कलम 18 मुळे अटकपूर्व जामीन मिळत नाही, पण फिर्याद वाचून पहिल्या नजरेत गुन्हाच दिसत नसेल तर कोर्ट जामीन देऊ शकतं, म्हणून समोरचा वकील उभा राहतो आणि फिर्यादच वाचून दाखवतो, की साहेब यात जातीचा शब्द कुठाय, लोकांसमोर बोलल्याचं कुठाय, जातीमुळे बोलले हे कुठाय. जळगावच्या कोर्टात हेच विचारतात, अपील झालं तर औरंगाबाद खंडपीठातही हेच विचारतात, आणि तेव्हा तू वहीतलं सांगायला उभी नसतेस, कागद काय बोलतो तेवढंच. नंतर जबाबात शब्द टाकले तर 'हे मागाहून सुचलं' म्हणतात. म्हणून पहिला कागदच भरलेला पाहिजे.

आता तो जो कोणी म्हणाला की मुसलमानाला अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही, त्याचं चुकलंय. गोंधळ कुठून होतो तेही समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कोणी म्हटलं तर तुला उत्तर देता येईल. अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे, 1950 च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख किंवा बौद्ध असावं लागतं. अनुसूचित जमातींसाठी अशी अट नाहीये. महाराष्ट्राच्या यादीत भिल्लांच्या नोंदीत तडवी भिल्ल हे नाव स्पष्ट आहे, त्यामुळे रावेर, यावल, चोपड्याकडचा तडवी माणूस नमाज पढतो म्हणून त्याची जमात जात नाही. तुझ्याकडे प्रांत ऑफिसचा दाखला असेलच, त्याची झेरॉक्स अर्जाला जोड आणि पहिल्याच परिच्छेदात लिही की मी तडवी भिल्ल या अनुसूचित जमातीची आहे. 'आदिवासी समाजाची' असं मोघम नको, दाखल्यावर जे नाव आहे तेच, अक्षरश: तेच.

आणि लाजेचं. ते शब्द तुझे नाहीत गं, तू फक्त नोंद करतेयस कोण काय बोललं याची. अवतरणचिन्हात टाकले की ते बोलणाऱ्याच्या नावावर राहतात. फुल्या मारू नकोस, 'न लिहिण्यासारखे शब्द' असंही नको, कारण न लिहिलेला शब्द कोणालाच दिसत नाही. हाताने लिहवत नसेल तर फोनमध्ये बोलून ठेव आणि भावाला लिहायला लाव, किंवा रात्री एकटी बसून फक्त तेवढं एक वाक्य लिही आणि बाकीचं सकाळी. मी बघितलंय, एकदा ते वाक्य कागदावर उतरलं की पुढचं लिहायला त्रास होत नाही.

शब्द लिहिताना एक गोष्ट खास आपल्याकडची. तुझे सर अमळनेरकडचे, रागात अहिराणीत बोलतात असं तू लिहिलंयस, आणि वहीत तू ते शुद्ध मराठी करून ठेवलंयस. तसं करू नकोस. जे निघालं ते अहिराणीतच लिही आणि शेजारी अर्थ लिही. अहिराणीतलं वाक्य मराठीत आणताना त्यातला तुच्छपणा अर्धा गळून पडतो, आणि दुसरं म्हणजे साक्षीदाराला विचारलं की तो अहिराणीतलंच वाक्य सांगणार, मग तुझं वेगळं आणि त्याचं वेगळं दिसणार. पूर्ण वाक्य आठवत नसेल तर जेवढं पक्कं आठवतंय तेवढंच अवतरणात घे आणि बाकीचं 'अशा अर्थाचं काहीतरी बोलले' असं उघडपणे लिही. आठवत नसलेलं भरून वाक्य गोल करू नकोस, नंतर उलटतपासणीत तेवढाच धागा ओढतात.

वहीतल्या पहिल्या पानावरची घटना घेते, कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारची, तीच सगळ्यात भक्कम आहे. तुझ्या अर्जात ती अशी आलीये की 'बिलाच्या चुकीवरून सरांनी सर्वांसमोर जातीवरून अपमान केला.' मी ती वहीवरून अशी लिहून बघितली, रिकाम्या जागा तू भर.

> 'दि. ……, सोमवार (कानबाई विसर्जनाचा दिवस) रोजी दुपारी साधारण साडेबारा वाजता मी तळमजल्यावरच्या बिलिंग काउंटरवर होते. बिल क्र. …… मध्ये माझ्याकडून ड्रेसिंगचे 350 रुपये चुकून दोनदा लागले होते. पेशंटच्या नातेवाइकांनी ते दाखवल्यावर मी ते बिल रद्द करून दुसरं काढत होते. तेव्हा अकाउंट विभागाचे श्री. …… हे आतल्या खोलीतून काउंटरपाशी आले आणि माझ्याकडे बोट करून मोठ्या आवाजात म्हणाले, "हाई तडवीनले काउंटरवर कोनी बसाडं? तुमना लोक जंगलमाच बरा." (अर्थ : या तडविणीला काउंटरवर कोणी बसवलं, तुमचे लोक जंगलातच बरे.) त्या वेळी काउंटरसमोरच्या बाकांवर पेशंटचे पाच-सहा नातेवाईक बसले होते, औषध कंपनीचे एक प्रतिनिधी डॉक्टरांची वाट बघत उभे होते, माझ्या शेजारच्या खुर्चीवर श्रीमती …… होत्या आणि दाराशी शिपाई श्री. …… होते. बाकांपासून काउंटर साधारण आठ-दहा फूट आहे, मध्ये काच नाही. मी काही उत्तर दिलं नाही. ते बिल घेऊन परत आत गेले. 12 वाजून 52 मिनिटांनी मी हेच शब्द माझ्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तो मेसेज माझ्या फोनमध्ये आहे.'

बघ, यात 'अपमान' हा शब्द एकदाही नाही आणि तरी वाचणाऱ्याला काय झालं ते कळतं.

आता यातल्या दोन-तीन गोष्टी मी का ठेवल्या ते सांगते, कारण बाकीच्या घटना तुला स्वतःला अशाच लिहायच्यात. बाकं, अंतर, काच नाही, औषध कंपनीचा माणूस, हे सगळं उगाच नाहीये. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात अपमानाची जी दोन कलमं आहेत, 3(1)(आर) म्हणजे हिणवण्याच्या हेतूने मुद्दाम अपमान करणं किंवा धमकावणं आणि 3(1)(एस) म्हणजे जातीचं नाव घेऊन शिवीगाळ, त्या दोन्हींत अट आहे की हे लोकांना दिसेल-ऐकू जाईल अशा ठिकाणी झालं पाहिजे. ठिकाण सार्वजनिकच असावं असं नाही, 2008 साली सुप्रीम कोर्टाने स्वर्ण सिंगच्या निकालात सांगितलंय की खासगी जागा असली, इमारतीच्या आत असली तरी बाहेरचे लोक हजर असतील तर चालतं, पण ते लोक नुसते नातेवाईक किंवा मित्र नसावेत. म्हणून तुझ्या मैत्रिणीपेक्षा तो औषध कंपनीचा प्रतिनिधी आणि अनोळखी नातेवाईक जास्त कामाचे. त्यांची नावं माहीत नसली तरी ते होते हे लिही, बिल नंबरवरून हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून ते शोधता येतात. पेशंटचा आजार मात्र लिहू नकोस, त्याचा इथे संबंध नाही आणि ती त्यांची खासगी गोष्ट आहे.

उलट वहीतली दुसरी घटना, सरांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलेलं, आत तुम्ही दोघंच. 2025 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने एका सरकारी ऑफिसातली केस याच मुद्द्यावर रद्द केली, बोलणं चेंबरच्या चार भिंतींत झालं होतं आणि सहकारी नंतर आले होते. त्यामुळे तुझ्या केबिनच्या घटनेवर ही दोन कलमं टिकायची शक्यता कमी. पण म्हणून ती गाळू नकोस आणि, हे फार महत्त्वाचं, तिथे 'सर्वांसमोर' असं टाकू नकोस. जशी झाली तशी लिही, दार बंद होतं, दोघंच होतो. मॅनेजमेंटच्या चौकशीत ती घटना मोजली जाते, आणि काउंटरवरचं बोलणं रागाच्या भरात एकदाच निसटलं असं ते म्हणू लागले की ही घटना आपोआप उत्तर देते. तुझ्या कागदात एक जरी जागा खोटी निघाली तर खऱ्या सहा घटना तिच्यासोबत बुडतात, मग 'खोटी अ‍ॅट्रॉसिटी' ओरडायला लोक टपलेलेच असतात.

350 रुपयांची चूकही मी मुद्दाम ठेवली. तुला वाटेल आपलीच चूक कशाला लिहा. अगं ती ते सांगणारच आहेत, आणि तुझ्या कागदात नसली तर 'कामाची चूक लपवायला तक्रार केली' म्हणतील. आणि कायद्याच्या बाजूनेही हे लागतं. 2020 मध्ये हितेश वर्माच्या निकालात कोर्ट म्हणालं की समोरचा माणूस एससी-एसटी आहे एवढ्याने प्रत्येक भांडण अ‍ॅट्रॉसिटी होत नाही, अपमान त्या जातीचा आहे म्हणून झालेला असला पाहिजे. तर चूक काढणं वेगळं आणि तडवीन म्हणून जंगलात पाठवणं वेगळं, हा फरक तुझ्या परिच्छेदातच दिसू दे. 'बिल दोनदा लावलंस, लक्ष कुठाय' एवढं बोलले असते तर मी तक्रार केली नसती, असं एक वाक्य हवं तर घाल, ते खरं आहे आणि नेमकं आहे. त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या बिलात चूक झाली आणि त्याला सर नुसतं रागावले असं तू वहीत कोपऱ्यात लिहिलंयस ना, ते कोपऱ्यातून काढून मधे आण. जातीमुळेच झालं हे दाखवायला त्याच्याइतकं साधं काही नाही.

जात माहीत होती का हा प्रश्न येतो नेहमी. सर म्हणतील मला काय माहीत ती कोण आहे. इथे 2015 च्या दुरुस्तीने, जी 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, एक सोय केलीये. कलम 8 मध्ये आता असं आहे की आरोपीची पीडिताशी किंवा तिच्या घरच्यांशी वैयक्तिक ओळख असेल तर जात त्याला माहीत होती असं कोर्ट धरून चालतं, नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. म्हणून लिही की किती वर्षं एकाच विभागात आहात, जॉइनिंगच्या कागदांत दाखला दिला होता का, आणि आडनाव तडवी आहे. त्याने तोंडानेच 'तडवीन' म्हटलंय म्हणा, पण ज्या घटनांत जातीचं नाव न घेता 'कोट्यावाले', 'डोंगरातले' असं बोललाय तिथे हे कामाला येईल. तसे शब्दही गाळू नकोस हं, नाव न घेता केलेला अपमान आर कलमात बसू शकतो. आणखी एक, या कायद्यात बोलणारा स्वतः एससी किंवा एसटी नसावा लागतो. सरांची जात तुला पक्की माहीत असेल तर लिही, नसेल तर अंदाजाने लिहू नकोस, पोलीस काढतात ते.

धर्माचं वेगळ्या परिच्छेदात घे, वेगळ्या तारखेसकट. तू अर्जात दोन्ही एका वाक्यात कोंबलंयस आणि त्याने दोन्ही पातळ झालंय. ईदच्या सुट्टीचा अर्ज दिला तेव्हा 'सुट्टी पाहिजे तर पाकिस्तानात जाऊन घे' म्हणाले, हे एक. फ्रिजमधून तुझा डबा बाहेर काढायला लावला आणि 'हिच्या डब्यात काय असतं कोणाला माहीत' म्हणाले, हे दुसरं. डब्याच्या बाबतीत बोलण्यासोबत कृतीही आहे, ती जास्त बारकाईने लिही: डबा कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून, कुठे ठेवला, बाकीच्यांचे डबे आत राहिले का, आणि त्या दिवसापासून तू डबा कुठे ठेवतेस. हे जातीमुळे का धर्मामुळे हे तुला माहीत नसेल तर ठरवू नकोस, नुसतं जे बोललं गेलं ते लिही, आणि ते वाक्य ज्या दिशेला बोट दाखवतं तिकडे वाचणारा जाईल. धर्मावरच्या बोलण्याला अ‍ॅट्रॉसिटी नाही, त्याला भारतीय न्याय संहितेतली कलमं, धार्मिक भावना दुखवायच्या पक्क्या इराद्याने बोलणं म्हणजे 302. हा आकडा ऐकून दचकू नकोस, खुनाचं 302 जुन्या आयपीसीतलं होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत त्या नंबरला हे कलम आहे. पण यात इरादा दाखवावा लागतो आणि पाकिस्तानचं एक वाक्य तेवढ्याने पोलीस केस होईलच असं मी तुला सांगणार नाही. मॅनेजमेंटकडच्या तक्रारीत मात्र ते पूर्ण वजनाने येऊ दे. आणि कलमांचे नंबर तू स्वतः अर्जात घालू नकोस, कुठेच. ते लावायचं काम त्यांचं, तू चुकीचा नंबर घातलास तर चर्चा नंबरावर जाते.

'नेहमी' आणि 'सतत' हे शब्द खोडून टाक. त्याच्या जागी जेवढ्या घटना तारखेसकट सांगता येतात तेवढ्या, चार असतील तर चारच. तारीख आठवत नाही म्हणून सोडू नकोस, सण, बाजाराचा दिवस, पगार, तुझी ड्युटी यांच्या आधाराने लाव. पोळ्याच्या आदल्या दिवशी, असंही चालतं. तुझ्याकडे तर बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, रद्द केलेल्या बिलाची नोंद वेळेसकट त्यात असते, त्या सोमवारची बिल रद्द केल्याची वेळ बघ आणि ती लिही. तो तुझ्या हातातला असा पुरावा आहे जो कोणी बोलून खोटा पाडू शकत नाही. प्रिंट चोरून काढू नकोस, फक्त बिल नंबर आणि वेळ लिही आणि तक्रारीत मागणी कर की ही नोंद आणि काउंटरच्या कॅमेऱ्याचं त्या दिवशीचं चित्रण जपून ठेवावं. कॅमेऱ्याचं आजच माग, कारण जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

घटना होऊन दिवस गेलेत तर उशीर का झाला हेही एका ओळीत लिही, खरं कारण. वडिलांचं ऑपरेशन होतं आणि नोकरी जायची भीती होती, असं तू मला लिहिलंस, तेच तिथे लिही.

भावाला पाठवलेला मेसेज डिलीट करू नकोस आणि त्यालाही सांग, फोन बदलायचा असेल तर जुना फोन ठेवून द्या. स्क्रीनशॉट काढ पण मूळ चॅट राहू दे. कधी रेकॉर्डिंग झालं तर ती फाइल कापू नको, नाव बदलू नको आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नको, टाकलं की मग वाद रेकॉर्डिंग पसरवल्याचा सुरू होतो.

द्यायचं कुठे. खासगी ठिकाणी लैंगिक छळासाठी जशी समिती कायद्याने ठेवावीच लागते तशी जातीच्या अपमानासाठी नाही, म्हणून अर्ज मॅनेजर आणि ट्रस्टी किंवा मालक दोघांच्या नावाने कर, दोन प्रती घेऊन जा, दुसरीवर तारीख-सहीसकट पोच घे. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती सांभाळ. आधीचा मोघम अर्ज परत मागू नकोस, नव्या अर्जात लिही की 'दि. …… च्या अर्जाचा तपशील आपण मागितल्याप्रमाणे देत आहे', म्हणजे तू आधीच बोलली होतीस हे राहतं.

मॅनेजमेंटचं उत्तर येईपर्यंत पोलिसांकडे जाता येत नाही असं काही नाहीये. सोमवारची घटना घेऊन तू थेट पोलीस स्टेशनला जाऊ शकतेस. 2018 मध्ये आलेल्या कलम 18-अ प्रमाणे या कायद्यात गुन्हा नोंदवायला आधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, त्यामुळे 'आधी चौकशी करू मग बघू' म्हणाले तर शांतपणे हे सांग. तुझा लिहिलेला कागद सोबत ने, कारण तिथे फिर्याद टाइप करणारा हवालदार घाईत असतो आणि त्याच्या हाताला सवयीचं वाक्य असतं, 'जातीवाचक शिवीगाळ करून अपमानित केले', आणि तू एवढी मेहनत करून लिहिलेलं परत त्याच एका वाक्यात जाऊन बसतं. म्हणून सहीच्या आधी वाचून दाखवायला सांग. ते उपकार नाहीत, कलम 4 मध्ये ते त्यांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, फिर्याद वाचून दाखवणं आणि प्रत ताबडतोब देणं, फुकट. वाचताना सरांचं अहिराणीतलं वाक्य अवतरणात आहे का, बाकांवरची माणसं आहेत का, तडवी भिल्ल आणि अनुसूचित जमात हे शब्द आहेत का, एवढं बघ, नसेल तर सही थांबव आणि टाकायला लाव. नोंदवूनच घेत नसतील तर हाच मजकूर पोस्टाने जळगावला पोलीस अधीक्षकांकडे पाठव, नियमांत ती वाट आहे. नोंदवल्यावर तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, ते तुला पुन्हा विचारतील, तेव्हा कागदात आहे तेच सांग, नवं रंगवू नकोस.

शिपाई मामांचं तू विचारलंस, की त्यांचं नाव घातलं तर त्यांची नोकरी जाईल का. त्यांना आधी सांग, नाव घालतेय म्हणून, पण काय बोलायचं ते पढवू नकोस, फक्त 'त्या दिवशी ऐकलं तेवढं सांगा' एवढंच. साक्षीदारांच्या संरक्षणाची तरतूद याच कायद्यात 15-अ मध्ये आहे, धमकी आली तर ती तारखेसकट लिहून द्यायची. ते नाही म्हणाले तरी ते तिथे उभे होते ही घटना आहे आणि ती तुझ्या कागदात राहील, त्यांनी काय ऐकलं हे तू त्यांच्या वतीने लिहायचं नाही.

आणि अर्ज दिल्यावर जर ड्युटी बदलली, रात्रपाळी लागली, काउंटरवरून उठवून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, किंवा कोणी येऊन 'मागे घे' म्हणालं, तर ते या अर्जात खरडून जोडू नकोस. त्याचा नवा कागद कर, त्याच पद्धतीने, तारीख, वेळ, कोण, कुठे, काय शब्द, कोण होतं, आणि त्याचीही पोच घे. पहिला मसुदा झाला की सरांचं आणि हॉस्पिटलचं नाव झाकून मला पाठव, सहीच्या आधी मी वाचून देते.